वयस्कर व्यक्तीला उलट्या होत असताना शरीरातले पाणी कमी झाले हे कसे ओळखावे, आणि सलाईन केव्हा लावावे लागते?

सुजाता_कोथरूड | शनिवार, सकाळी ८:२०

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या असून त्यांचे वजन साधारण ५० किलो आहे. काल रात्रीच्या जेवणानंतर त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत पाच वेळा झाल्या. आधी जेवलेले अन्न पडले, नंतर नुसते पिवळसर पाणी. जुलाब नाहीत, ताप नाही, पोटात दुखत नाही असे त्या सांगतात. त्या रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी घेतात, त्याशिवाय मेटोप्रोलॉल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. सकाळच्या गोळ्या अजून दिलेल्या नाहीत.

सकाळी एक पेला ओआरएस दिले, ते दहा मिनिटांत उलटून पडले. आता त्या "मला तहान नाही, उगाच पाजू नका" असे म्हणत आहेत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना साडेदहाला उघडतो. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की त्यांच्या ओळखीचे एक कंपाउंडर घरी येऊन सलाईन लावून देतात, म्हणजे दुपारपर्यंत तरतरी येईल. पाणी खरोखर किती कमी झाले आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, काय आणि कसे पाजावे, आणि रुग्णालयात नेण्याची वेळ कोणती, हे कृपया कोणी नीट सांगेल का?

पेठकर | सकाळी ८:३५

हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच खाली बसली तर पाणी ठीक आहे, तशीच उभी राहिली तर कमी आहे, ही आमच्या घरातील जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. जीभ कोरडी आहे का हेही पाहावे. तहान नाही म्हणतात याचा अर्थ शरीराला सध्या गरज नाही. मधुमेह असल्यामुळे ओआरएस मुळीच देऊ नये, त्यात साखर असते. त्याऐवजी बिनसाखरेचे लिंबूपाणी मीठ घालून आणि शहाळ्याचे पाणी द्यावे. सलाईनबद्दल सांगायचे तर चांगला माणूस असेल तर घरी लावून घेण्यात गैर काहीच नाही. आमच्या वाड्यात वर्षानुवर्षे तेच चालत आले.

प्राजक्त_औंध | सकाळी ८:४१

पिवळे पाणी पडते म्हणजे हे सरळ पित्त आहे. माझ्या आईला दर उन्हाळ्यात होते. आल्याचा रस मधातून चाटवावा आणि कोकम सरबत द्यावे. पित्त पूर्ण पडून गेले की आपोआप बरे वाटते, त्यामुळे उलट्या थांबवायची घाई करू नये.

जुना_फिजिशियन | सकाळी ९:०५

सुजाताताई, आधी चार गोष्टी तपासून इथे लिहा, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. त्यांना शेवटची लघवी किती वाजता झाली? आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे त्या बरोबर सांगतात का? घरात रक्तदाबाचे यंत्र असेल तर बसून आणि नंतर आधार देऊन उभे केल्यावर एका मिनिटाने, असा दोनदा रक्तदाब मोजा. ग्लुकोमीटर असेल तर साखरही पाहा. उभे करताना दोघांनी धरा, कारण अशा वेळी माणूस पटकन खाली कोसळतो आणि मग खुब्याच्या हाडाचा प्रश्न उभा राहतो.

पेठकरांचे म्हणणे तरुण माणसाच्या बाबतीत बऱ्याच अंशी लागू पडते. ऐंशी वर्षांच्या हाताची कातडी मात्र तिची लवचिकता गेल्यामुळे पाणी भरपूर असतानाही चिमटीत उभी राहते. चिमटा काढायचाच असेल तर छातीच्या मधल्या हाडावर काढावा, पण त्या एकाच खुणेवर काहीही ठरवू नये. तोंडाने श्वास घेणाऱ्यांची आणि काही गोळ्या घेणाऱ्यांची जीभ एरवीही कोरडीच असते. म्हणून गालाच्या आतली बाजू आणि हिरडी यांच्यामध्ये बोट फिरवून पाहावे, तिथेही ओल नसेल तर त्याला अर्थ आहे. काखेत हात घालून पाहावा. एरवी तिथे थोडा तरी दमटपणा असतो, तो पूर्ण गेला असेल तर मी गंभीरपणे घेतो. या खुणा एकेकट्या कच्च्या आहेत, पण तीन-चार एकत्र दिसल्या की चित्र स्पष्ट होते.

तहानेच्या बाबतीत मात्र मी पूर्ण असहमत आहे. वय वाढते तशी मेंदूकडून येणारी तहानेची सूचना मंद होत जाते, आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही कमी होते. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचे "तहान नाही" हे उत्तर जमेस धरू नये. लघवीचाही एक सापळा आहे. साखर फार वाढलेली असेल तर ती लघवीवाटे पाणी ओढून नेते, म्हणजे शरीर कोरडे पडत असतानाही लघवी भरपूर होत राहते आणि घरचे निश्चिंत राहतात.

प्राजक्त, जठर रिकामे झाल्यावर उलटी पिवळी किंवा हिरवट होणे नेहमीचेच आहे, त्यावरून कारण कळत नाही. या वयात आणि विशेषतः मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता केवळ उलट्या आणि घाम घेऊन येऊ शकतो. आतडे अडकले तर पोट फुगते, वायू सरत नाही आणि उलटी गडद हिरवी, पुढे दुर्गंधीयुक्त होते. जांघेत जुनी गाठ असेल आणि ती आज घट्ट व दुखरी लागत असेल तर तेही याच रांगेतले. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, नवीन डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे, यांपैकी काहीही असेल तर पाणी पाजण्याचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

सकाळच्या गोळ्या आपण दिल्या नाहीत ते बरेच झाले. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि मेटफॉर्मिन या तिन्ही गोळ्या शरीर कोरडे असताना मूत्रपिंडांना किंवा रक्तातील समतोलाला त्रासदायक ठरतात, म्हणून डॉक्टरांशी फोनवर बोलेपर्यंत त्या थांबवाव्यात. मेटोप्रोलॉलची गोष्ट वेगळी आहे, ते आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते. त्याच्याबद्दल फोनवर स्वतंत्रपणे विचारा. इन्शुलिन घेणाऱ्या वाचकांसाठी एवढेच की इन्शुलिनही आपल्या मनाने कधी बंद करू नये.

रेखा_सिस्टर | सकाळी ९:१८

मी बरीच वर्षे वॉर्डात काम केले आहे, म्हणून पाजण्याविषयी लिहिते.

एक पेला एकदम दिल्यावर तो परत येणार हे ठरलेलेच होते. चिडलेले जठर ताणले गेले की उलटून टाकते. शेवटच्या उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटे काहीही देऊ नका. मग त्यांना पाठीशी उशा देऊन पूर्ण बसवा आणि चहाच्या छोट्या चमच्याने, दर दोन मिनिटांनी एकच चमचा द्या. चमच्यात साधारण पाच मिली मावते, म्हणजे तासाला सुमारे १५० मिली पोटात जाते. ऐकायला थोडे वाटते, पण टिकलेले १५० मिली हे उलटून पडलेल्या पेल्यापेक्षा कामाचे असते. एक तास टिकले की दर मिनिटाला एक चमचा करा. मध्ये उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटे थांबून आधीच्या वेगाने सुरुवात करा. फार थंड नको, पण किंचित गार असेल तर बऱ्याच जणांना सोपे जाते. वाटीत आधीच मोजून घ्या आणि कागदावर वेळ, किती दिले, किती पडले आणि लघवी केव्हा झाली ते लिहीत जा. पुढे डॉक्टर नेमके हेच विचारतात.

पुडी मोठी असेल, म्हणजे साधारण २१ ग्रॅमची, तर ती संपूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी कालवायची. लहान पुडी २०० मिलीची असते. पुडीवर लिहिलेले मापच धरा. लोक मोठ्या पुडीतले चमचाभर पेल्यात टाकतात, ते अंदाजाने कधी फार खारट होते तर कधी नुसते पाणी. कालवलेले २४ तासांनंतर फेकून द्यायचे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ चालते. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची तयार खोकी घेऊ नका. त्यातल्या कित्येकांत साखर पुडीच्या कितीतरी पट असते आणि मीठ अपुरे असते. FSSAI ने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात "ORS" लिहायला मनाई केली ती याचसाठी.

मधुमेहाबद्दल म्हणाल तर योग्य पुडीच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे साखर, आणि तेही दिवसभरात विभागून जाते. ते काढून टाकता येत नाही, कारण आतड्यात मीठ आत घेतले जाते ते ग्लुकोजच्या सोबतीने आणि त्यांच्या मागोमाग पाणी येते. बिनसाखरेच्या लिंबूपाण्यात ही सोबत नसते.

एक गोष्ट विसरू नका. माणूस गुंगीत असेल, हाक मारल्यावर नीट डोळे उघडत नसेल किंवा गिळताना ठसका लागत असेल तर चमचासुद्धा द्यायचा नाही. ते फुप्फुसात जाते.

नितीन_धायरी | सकाळी ९:५०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय हाच आहे. माझ्या वडिलांच्या हृदयाचे पंपिंग कमी आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी दिवसाला सव्वा लिटरच्या वर द्रव द्यायचे नाही आणि मीठ कमी ठेवायचे असे सांगितले आहे. मागे त्यांना उलट्या झाल्या तेव्हा एका दवाखान्यात दोन बाटल्या भराभर चढवल्या आणि रात्री त्यांना झोपता येईना, उठून बसावे लागले, श्वास घुरघुरायला लागला. पुढे पाणी उतरवण्याची इंजेक्शने द्यावी लागली. तेव्हापासून उलटी म्हटले की मला भीती वाटते. अशा रुग्णाला ओआरएस सव्वा लिटरच्या आत मोजायचे की बाहेर?

पेठकर | सकाळी १०:०५

रेखाताईंनी साखरेचा हिशेब दिला तो मला माहीत नव्हता, त्यावर विचार करीन. पण शहाळ्याच्या पाण्याला कोणी नावे ठेवू नयेत. ते निसर्गाचे सलाईन आहे.

जुना_फिजिशियन | सकाळी १०:२०

शहाळे निरोगी माणसाला उत्तम आहे. मात्र त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार कमी असते, आणि उलट्यांमध्ये रक्ताचे आकारमान टिकवायला सोडियम लागते. मूत्रपिंडे मंदावलेली असताना आणि टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी चालू असताना पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. तपासणी होईपर्यंत या रुग्णाला शहाळे मुख्य पेय म्हणून देऊ नये, असे माझे मत आहे.

नितीन, आपल्या प्रश्नाकडे संध्याकाळी येतो. त्याचे उत्तर एका ओळीत बसणारे नाही.

सुजाता_कोथरूड | सकाळी ११:२५

सर्वांचे आभार. सव्वानऊपासून चमच्याने देत आहे. तासाभरात १५० मिली गेले, मग एक उलटी झाली, त्यात अंदाजे अर्धी वाटी पडले. पुन्हा सुरू केले असून त्यानंतर ७० मिली टिकले आहे. शेवटची लघवी रात्री साडेबाराच्या सुमारास झाली, त्यानंतर नाही. साखर १६८ आहे. रक्तदाब बसून ११२/६४ आणि उभे केल्यावर ८६/५२ आला, तेव्हा त्यांना अंधारी आली म्हणून लगेच निजवले. नाडी मात्र बसून ७४ आणि उभ्याने ७८, म्हणजे ठीकच दिसते. काख कोरडी आहे. गालाच्या आतही चिकट लागते.

आत्ता त्यांनी मला "दादा आला का गं?" असे विचारले. त्यांचे दादा जाऊन बरीच वर्षे झाली. एरवी त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, वाण्याचा हिशेब तोंडपाठ असतो. दवाखान्यात डॉक्टर आले आहेत, तिथे नेऊ का?

जुना_फिजिशियन | सकाळी ११:३१

दवाखान्यात नको. तातडीच्या विभागाची आणि रक्ततपासणीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात आत्ताच न्या. गाडीत आडवे नेणे शक्य नसेल तर १०८ ला फोन करा. आपल्या डॉक्टरांना वाटेतून कळवा.

कारणे लिहितो, म्हणजे तिथे सांगता येतील. उभे राहिल्यावर वरचा रक्तदाब २० ने उतरला तरी आम्ही दखल घेतो, इथे तो २६ ने उतरला आहे. नाडी ठीक दिसते ती मेटोप्रोलॉलमुळे. ते नाडीला वाढू देत नाही, त्यामुळे या रुग्णात नाडीचा आकडा दिलासा देत नाही. ५० किलो वजनाला तासाला निदान २५ मिली लघवी व्हायला हवी, त्या हिशेबाने अकरा तासांत पाव लिटरच्या वर जमायला हवी होती. झाली शून्य. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काल शुद्धीत असलेले माणूस आज गेलेल्या भावाची चौकशी करते, हा म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे. तो मेंदूला रक्त कमी पडल्याने, सोडियम घसरल्याने किंवा जंतुसंसर्गाने झालेला भ्रम असू शकतो, आणि यांपैकी कोणते हे घरी बसून कळत नाही.

आता चमचा थांबवा. निजवताना कुशीवर ठेवा. सर्व गोळ्यांची पाकिटे, आपला लिहिलेला कागद आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारा मागचा क्रिएटिनिनचा अहवाल सोबत घ्या. ईसीजी काढला का, हे आवर्जून विचारा.

पेठकर | दुपारी १२:१०

त्यांना लवकर बरे वाटो. पण एक सर्वसाधारण प्रश्न विचारतो, राग मानू नये. रुग्णालयात जी बाटली लावतात तीच घरी लावता येते. मग तिथे नेऊन बिल वाढवण्यापलीकडे वेगळे काय होते?

रेखा_सिस्टर | दुपारी १२:४०

पेठकर काका, बाटली दिसायला सारखी असते. घरी येणारे बरेचदा पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावतात आणि त्यात पिवळे व्हिटॅमिनचे इंजेक्शन टाकतात. "अशक्तपणाची बाटली" म्हणतात ती हीच. त्यातली साखर शरीर वापरून टाकते आणि उरते ते साधे पाणी, ते रक्तवाहिन्यांत फार थोडे थांबते. ज्याचे सोडियम आधीच घसरले आहे त्याला ही बाटली आणखी खाली नेऊ शकते. नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट वेगळे. अर्ध्या लिटरच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते म्हणून ते वाहिन्यांत टिकते, आणि त्याच कारणाने कमजोर हृदयाला ते जड जाते. नितीनच्या वडिलांना झाले ते हेच.

रुग्णालयात वेगळे काय, तर बाटली कोणती, किती वेगाने आणि केव्हा थांबवायची हे तपासणीवर ठरते. थोडे सोडले की कोणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसे ऐकते, रक्तदाब पाहते, लघवी मोजते. घरी सुई टोचून माणूस निघून जातो.

माधुरी_बाणेर | दुपारी २:१५

एक शंका. माझी बहीण परदेशात वृद्धाश्रमात काम करते. तिथे शिरेऐवजी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सावकाश सलाईन सोडतात, शीर शोधावी लागत नाही. आपल्याकडे हे का करत नाहीत?

जुना_फिजिशियन | दुपारी ४:३०

माधुरीताई, पद्धत खरी आहे आणि सौम्य कोरडेपणात वयस्करांसाठी चांगली आहे. एका जागेतून दिवसाला साधारण एक लिटर जाते, त्यामुळे रक्तदाब पडलेला असताना, भ्रम असताना किंवा घाईने भरून काढायचे असताना ती उपयोगाची नाही. आपल्याकडे ती क्वचितच दिसते, कारण लक्ष ठेवायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि शीर मिळाली की बहुतेकांना तोच मार्ग सोपा वाटतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी ती इथेही वाढावी असे मला वाटते, पण माझ्या काही सहकाऱ्यांना ते पटत नाही.

सुजाता_कोथरूड | रात्री ९:४०

आता जरा बसायला मिळाले. ईसीजीमध्ये झटका नाही. सोडियम १२६, पोटॅशियम ३.१ आणि क्रिएटिनिन १.९ आले. मागच्या अहवालात क्रिएटिनिन ०.९ होते. लघवीत जंतुसंसर्ग निघाला नाही, पोटाच्या सोनोग्राफीत अडथळा नाही. बाहेरून आणलेल्या खाद्यपदार्थाचा त्रास असावा असे ते म्हणतात.

सुरुवातीला नॉर्मल सलाईन २५० मिली अर्ध्या तासात दिले, छाती ऐकली, रक्तदाब पाहिला, मग तेवढेच पुन्हा. त्यानंतर वेग बराच कमी केला. उलटी थांबवण्याचे इंजेक्शनही ईसीजी पाहिल्यानंतरच दिले. पहिली लघवी सव्वापाचला झाली, गडद रंगाची आणि थोडी. पोटॅशियम त्यानंतर सलाईनमधून सावकाश सुरू केले. मी विचारले की सोडियम एवढे कमी आहे तर लवकर का भरत नाही, तर डॉक्टर म्हणाले की मुद्दामच सावकाश. रात्री पुन्हा रक्त घेणार आहेत. आता त्या ओळखतात, मात्र सकाळचे काहीच आठवत नाही.

जुना_फिजिशियन | रात्री १०:१५

त्यांनी योग्य केले. अशा रुग्णात सोडियम चोवीस तासांत साधारण आठच्या वर चढू न देण्याचा प्रयत्न असतो, कारण ते झपाट्याने वाढले तर मेंदूच्या मध्यभागातील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा तपासावे लागते. लघवी सुरू होईपर्यंत पोटॅशियमला हात न लावणे हीही जुनी शिस्त आहे.

सोडियम उतरायला हायड्रोक्लोरोथायझाइडचा हातभार असण्याची शक्यता मोठी आहे. वयस्कर स्त्रियांत ही गोळी सोडियम उतरवते हे सर्वज्ञात आहे. घरी जाताना ती चालू ठेवायची की बदलायची हे स्पष्ट विचारून घ्या. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन दोन्ही, त्या नीट खाऊ-पिऊ लागल्यावर आणि क्रिएटिनिन खाली आल्याचे पाहूनच सुरू होतील.

आता नितीन. हृदयरोगतज्ज्ञांची सव्वा लिटरची मर्यादा एरवीच्या दिवसांसाठी असते. उलट्यांत बाहेर गेलेले द्रव भरून काढणे हे त्या मर्यादेच्या बाहेरचे आहे असे मी मानतो, पण ते भरायचे किती हे मी न पाहिलेल्या रुग्णाबद्दल सांगणार नाही. तत्त्व एवढेच की जेवढे पडले तेवढेच चमच्याने परत द्यावे, आणि लघवीवाटे पाणी उतरवणारी गोळी त्या दिवशी द्यायची की नाही हे सकाळीच फोनवर विचारावे. घरी रोज सकाळी लघवी करून, तेच कपडे घालून वजन करण्याची सवय असेल तर मोठी मदत होते. एका दिवसात वजन किलोभर उतरले तर ते चरबीचे नसते, ते जवळपास लिटरभर पाणीच असते, आणि वर चढले तर तेही पाणीच.

रेखा_सिस्टर | रात्री १०:५०

सरांचा आदर ठेवून सांगते, घरच्या काट्यावर मी इतका भरवसा ठेवणार नाही. चक्कर येणाऱ्या माणसाला काट्यावर उभे करणे हेच धोक्याचे, आणि एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर काटा ठेवला तरी अर्धा किलो इकडेतिकडे होते. नितीन, तुम्ही पायाची सूज, रात्री किती उशा लागतात आणि धाप लागते का हे रोज लिहा.

जुना_फिजिशियन | रात्री ११:०२

काटा एकाच जागी ठेवावा आणि आजारी नसतानाच्या दिवसांपासून वजन करावे, एवढी दुरुस्ती मान्य आहे. चक्कर असलेल्या दिवशी करू नये हेही मान्य. बाकी माझे मत कायम आहे.

नितीन_धायरी | रविवार, सकाळी ८:००

दोघांचे लिहून घेतले. सोमवारी तज्ज्ञांकडे वेळ घेतली आहे, उलट्या झाल्या तर त्या दिवशीच्या गोळ्यांचे काय करायचे हे त्यांच्याकडून कागदावर लिहून आणतो.

पेठकर | सकाळी ९:३०

मी घरातल्या पुड्या काढून पाहिल्या. दोन मोठ्या निघाल्या, दोन्हींची मुदत संपलेली. माझा धाकटा भाऊ मधुमेही आहे, त्याला आता योग्य पुडी आणून देतो. कातडीच्या चिमट्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मी सोडत नाही.

सुजाता_कोथरूड | सोमवार, संध्याकाळी ६:१५

आज सकाळी सोडियम १३३ आणि क्रिएटिनिन १.२ आले. सलाईन काल दुपारीच बंद केले, कारण त्या चमच्यावरून पेल्यावर आल्या होत्या आणि मऊ भात-वरण टिकले. उभ्याने रक्तदाब आता ११८ आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी बंद केली असून मेटफॉर्मिन गुरुवारच्या क्रिएटिनिननंतर ठरेल. घरी सोडताना त्यांनी लिहून दिले की आठ तास लघवी झाली नाही, पुन्हा उलट्या होऊन चमचाही टिकेना, किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फोनची वाट न पाहता परत यावे. रक्तदाब रोज सकाळी बसून आणि उभ्याने मोजायचा आहे. वरचा आकडा १५० च्या पुढे राहिला तर गुरुवारच्या आधीच कळवायचे आहे, कारण सध्या फक्त मेटोप्रोलॉल चालू आहे.